निळी पट्टी

आई न्हाणीघरात शिरली की उजव्या हाताची बोटं भिंतीला टेकवते. फरशीपासून तीन फुटांवर एक निळी पट्टी भिंतीभर फिरली आहे, तीन इंच रुंद, तिच्यावर वेलीची उठावदार नक्षी. बोटं त्या वेलीवरून सरकत जातात. प्रत्येक तुकडा आठ इंचांचा. सहावा तुकडा संपला की नळ, आठवा संपला की कोपरा, आणि कोपऱ्यातून वळल्यावर तिसऱ्या तुकड्याखाली टॉवेलची दांडी. हे तिनं कधी पाठ केलं नाही. दृष्टी जात गेली तसं ते आपोआप बोटांत उतरलं.

तिला मॅक्युलर डीजनरेशन आहे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग कामातून गेला आहे, कडेचं थोडं दिसतं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण तो दारात उभा आहे हे कळतं. फिकट भिंतीवरची फिकट गोष्ट तिच्यासाठी नसतेच. फिकट भिंतीवरची गडद रेघ मात्र अजून कडेच्या नजरेत येते. म्हणजे ती पट्टी तिला दोन्हीकडून उपयोगी, थोडी डोळ्यांना आणि बाकी बोटांना.

गेल्या जानेवारीत खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली आणि आमच्या न्हाणीघराची भिंत फोडायची वेळ आली. आमचा फ्लॅट 2004 चा. भिंतीत दडवलेले पाइप लोखंडी, जीआयचे. वीस वर्षांत ते आतून गंजले होते. नळापासून वर गिझरपर्यंत गार आणि गरम अशा दोन लाइनी, आणि नळाच्या उंचीवरून बेसिनकडे जाणारी एक आडवी लाइन, एवढं सगळं बदलायचं होतं.

मिस्त्रीमामांनी खडूनं भिंतीवर खुणा केल्या. टाइल आठ बाय बाराची, उभी लावलेली. खालून तीन ओळी, मग पट्टी, मग वर चार ओळी. दोन उभे पाइप शेजारशेजारच्या दोन रांगांतून जात होते. दुसऱ्या ओळीपासून सहाव्या ओळीपर्यंत पाच ओळी, प्रत्येकी दोन टाइल, म्हणजे दहा. आडव्या लाइनीच्या चार. एकूण चौदा साध्या टाइल्स आणि मधल्या पट्टीचे दोन तुकडे. पट्टीचा पाचवा आणि सहावा तुकडा. नेमके नळाच्या डोक्यावरचे.

“दुसरी कुठलीबी निळी पट्टी बसवू की ताई,” मामा म्हणाले. मी त्यांचा हात धरून पट्टीवर ठेवला आणि डोळे मिटायला सांगितलं. त्यांनी दोन-तीनदा बोटं फिरवली आणि मग म्हणाले, “हीच शोधा. मी आठ दिवस थांबतो. तवर बाहेरून एक पाइप जोडून देतो.”

पुण्याहून दादाचा फोन आला की सगळंच न्हाणीघर नवीन करून टाक. त्याचं बोलणं पैशाच्या दृष्टीनं चूक नव्हतं. पण आजकाल भिंतीच्या टाइल्स एक बाय दीड फूट, एक बाय दोन फूट अशा येतात. नव्या मांडणीत आठ इंचांचा हिशेब राहत नाही, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आईनं भिंत पुन्हा पहिल्यापासून शिकायची, तीही ओल्या फरशीवर उभं राहून. हे मला मान्य नव्हतं.

म्हणून मी टाइल बनवणाऱ्या कंपनीच्या कस्टमर केअरला पत्र लिहिलं.

पहिलं पत्र मी मनापासून लिहिलं आणि चुकीचं लिहिलं. आईबद्दल लिहिलं, तिच्या डोळ्यांबद्दल लिहिलं, आणि शेवटी विचारलं की तुमची ती क्रीम रंगाची, निळ्या वेलीच्या पट्टीची टाइल कोल्हापूरच्या आसपास कुठल्या दुकानात मिळेल? सोबत भिंतीचा फोटो. तीन दिवसांनी उत्तर आलं की आपण विचारलेले उत्पादन आता बंद झाले असून कृपया जवळच्या शोरूमला भेट द्यावी. शोरूमचा पत्ता दिला होता. मी तिथे गेले. तिथल्या मुलानं फोटो पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, हे मी इथं लागायच्या आधीचं आहे.”

त्या उत्तराचा मला राग आला होता. पण पुढं जे कळत गेलं त्यावरून लक्षात आलं की माझ्या पत्रात उत्तर देता येईल असा प्रश्नच नव्हता. क्रीम रंगाच्या टाइल्स त्या कंपनीनं किती काढल्या असतील! फोटोवरून रंग कळत नाही, माप कळत नाही, पृष्ठभाग कळत नाही. पत्र वाचणाऱ्या माणसासमोर संगणक असतो आणि त्यात शोधायला मालाचं नाव किंवा क्रमांक लागतो. तो मी दिलाच नव्हता, कारण तो मलाही माहीत नव्हता.

टाइलच्या पाठीवर कंपनीचं नाव दाबून उमटवलेलं असतं, पण डिझाइनचं नाव नसतं. तीच पाठ शेकडो डिझाइन्सना असते. डिझाइनचं नाव दोनच ठिकाणी सापडतं, बिलावर किंवा पेटीवर. बिल बिल्डरकडे होतं, आणि त्यांनी ते काम कधीच सोडून दिलं होतं. राहिली पेटी.

पेटी घरातच होती. फ्लॅटचा ताबा घेताना गवंड्यानं उरलेल्या टाइल्ससकट ती दिली होती. टाइल्स एकेक करून गेल्या. कुणाच्या ओट्याला, कुणाच्या मोरीला. शेवटची एक आमच्या स्वयंपाकघरात गरम भांडं ठेवायला वीस वर्षं वापरात आहे. रिकामा खोका मात्र आईनं ठेवून घेतला होता आणि गौरीचे दागिने त्यात ठेवायची. माळ्यावरून तो काढला. बाजूला छापील चिठ्ठी होती, कडा उंदरानं खाल्लेल्या, पण वाचता येत होती. डिझाइनचं नाव होतं. माप 200 बाय 300 मिलिमीटर. नग 15. प्रत प्रीमियम. आणि शाईच्या शिक्क्यानं मारलेल्या दोन गोष्टी, शेडचा क्रमांक आणि कॅलिबर.

या दोन शिक्क्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण जुनी टाइल शोधणाऱ्याचं बहुतेक नुकसान इथंच होतं. टाइल भाजली जाते, आणि भाजलेली कुठलीही गोष्ट दर वेळी हुबेहूब तशीच उतरत नाही. तेच डिझाइन, तोच कारखाना, पण मार्चमधल्या मालाचा रंग ऑगस्टमधल्या मालापेक्षा किंचित पिवळा असू शकतो. म्हणून प्रत्येक लॉटला शेडचा क्रमांक देतात. तसंच भाजताना माती आकसते आणि कधी थोडी जास्त, कधी थोडी कमी आकसते. म्हणून भट्टीतून निघालेल्या टाइल्स मापानुसार वेगळ्या करतात. त्या गटाला कॅलिबर म्हणतात. एका टाइलमध्ये एका मिलिमीटरचा फरक हातात धरून कळणार नाही. पण पाच ओळी एकावर एक चढल्या की तो पाच मिलिमीटर होतो, आणि शेजारच्या जुन्या रांगेचे सांधे नव्या रांगेच्या सांध्यांशी जुळत नाहीत. नाव तेच असलेली पेटी मिळाली म्हणजे काम झालं असं नसतं.

दुसरं पत्र मी इंग्रजीत लिहिलं होतं. इथे ते मराठीत देते, कारण कुणाला तरी तसंच पत्र लिहावं लागेल.

विषय: बंद झालेल्या भिंतीच्या टाइलच्या शिल्लक मालाची चौकशी. पुढे डिझाइनचं नाव, 200 बाय 300.

“महोदय, 2004 साली बसवलेल्या आपल्या या टाइलचे 14 नग आणि तिच्याच जोडीच्या निळ्या उठावदार बॉर्डरचे 2 नग मला दुरुस्तीसाठी हवे आहेत. मोडतोड धरून अनुक्रमे 18 आणि 3 मिळाल्यास उत्तम. पेटीवरील चिठ्ठीचा फोटो, टाइलच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो, तसेच बॉर्डरचा फोटो सोबत जोडला आहे. बॉर्डर 200 बाय 75 मिलिमीटर आहे. तिची पेटी माझ्याकडे नाही, त्यामुळे तिचे नाव किंवा क्रमांक कृपया आपणच कळवावा.

हे उत्पादन बंद झाले आहे हे मला माहीत आहे. नवीन पर्याय नको आहे. मला तीन गोष्टी हव्या आहेत. पहिली, हा माल आपल्या एखाद्या डेपोत शिल्लक दिसतो का. दुसरी, कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या भागातल्या कोणत्या डीलरांनी हे डिझाइन सर्वांत शेवटी आपल्याकडून उचलले. तिसरी, या भागाचे विक्री अधिकारी कोण, आणि त्यांच्याशी बोलता येईल का.

शेड वेगळी असली तरी चालेल. सुटे नग, उघडी पेटी, शोरूमच्या नमुना-फलकावरचे तुकडेही चालतील. माल मी स्वतः येऊन घेईन. डीलरांचे नंबर देणे आपल्या नियमात बसत नसेल तर माझा नंबर त्यांना द्यावा, माझी हरकत नाही.”

आईबद्दल एकच ओळ होती, शेवटी. बॉर्डरचा उठाव हाताला तोच लागणं आवश्यक आहे, कारण घरातील दृष्टिहीन व्यक्ती त्यावरून वाट शोधते. ही ओळ मी पहिल्या पत्रासारखी पसरली नाही, पण काढलीही नाही. कोणत्या गोष्टीत तडजोड चालेल आणि कोणत्या नाही, हे वाचणाऱ्याला त्यातून कळणार होतं.

दोन दिवसांनी कस्टमर केअरमधून एका मुलीचा फोन आला. आवाज तरुण होता, बोलणं हिंदीत. ती म्हणाली की डेपोत काही नाही, चार वर्षांपूर्वीच शून्य झालं आहे. बॉर्डर तर त्याच्याही आधी बंद झाली. मी विचारलं, मग आसपासच्या दुकानांत? तेव्हा तिनं जे सांगितलं ते मला त्या आधी कुणी सांगितलं नव्हतं. “मॅडम, दुकानात काय आहे ते आम्हाला दिसतच नाही. आमच्याकडून कुणी नेलं ते दिसतं. नेल्यावर त्यानं विकलं की ठेवलं, ते त्याचं त्यालाच माहीत.”

कंपनीचा माल कारखान्यातून डेपोत आणि डेपोतून डीलरकडे जातो. डीलरच्या नावानं बिल फाटलं की कंपनीच्या हिशेबात तो माल विकला गेला. पुढे डीलर तो गोडाऊनमध्ये ठेवो, छोट्या दुकानदाराला देवो नाहीतर गवंड्याला, ते कंपनीच्या वहीत येत नाही. म्हणून “कुठल्या दुकानात शिल्लक आहे?” या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर “माहीत नाही” हेच असतं. आणि “शेवटी कुणी नेलं?” या प्रश्नाला मात्र नावानिशी उत्तर असतं. माझ्या पत्रात दुसरा प्रश्न होता म्हणूनच तिला फोन करावासा वाटला, असं ती स्वतःच म्हणाली. तिनं माझा नंबर विक्री अधिकाऱ्यांकडे पाठवला.

त्यांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. मराठी माणूस, बोलताना मागे गाडीचा आवाज. त्यांनी जुनी बिलं काढून चार नावं दिली. शाहूपुरीतलं एक, इचलकरंजीतलं एक, जयसिंगपुरातलं एक आणि सांगलीतलं एक. “आधी लहान गावं बघा,” ते म्हणाले. “शहरातला डीलर दर वर्षी शोरूम बदलतो, उरलेलं काढून टाकतो. डेड स्टॉक तालुक्याला सापडतो.”

मी त्यांना विचारलं की पुन्हा बनवता येणार नाही का, थोड्याशा? ते हसले नाहीत. नीट समजावून सांगितलं. 2004 साली टाइलवरचं डिझाइन कोरलेल्या रोलरवरून नाहीतर जाळीवरून उमटवत. आता प्रिंटरनं छापतात. ते रोलर आणि ती जाळी जागा अडवतात म्हणून केव्हाच मोडीत गेली. बॉर्डरची नक्षी तर साच्यातून येते, तो साचाही गेला. आणि ती बॉर्डर त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात झालीच नव्हती, मोरबीच्या एका छोट्या युनिटकडून करून घेतली होती. शिवाय भट्टी रात्रंदिवस चालू असते. एका रंगाचा लेप बदलून दुसरा लावायचा तर यंत्रं धुऊन काढावी लागतात. पंधरा टाइल्ससाठी ते कुणी करत नाही. मला हे ऐकून बरं वाटलं. वस्तू खरोखरच जगात मोजकी उरली आहे आणि ती शोधायचीच आहे, एवढं पक्कं झालं.

शाहूपुरीतलं दुकान बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान झालं होतं. इचलकरंजीच्या मालकांनी फोनवरच सांगितलं की मागच्या दिवाळीत सगळं जुनं एका शेतकऱ्याला गोठ्यासाठी दिलं. आमच्या भिंतीवरची टाइल आता कुठल्या तरी गोठ्यात आहे, हे ऐकून आईला आनंद झाला. “धुवायला सोपं जातं,” ती म्हणाली.

सांगलीला मी नमुन्याची टाइल घेऊन गेले, गरम भांड्याखालची तीच. आधी साबणानं घासून तिच्यावरचा तेलकटपणा काढला, कारण मळक्या टाइलशी रंग जुळवला तर चुकीचाच जुळतो. दुकानातले काका सत्तरीचे. त्यांनी नाव ऐकलं, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, “माल आहे. पण नाव नाही.”

मला अर्थ कळला नाही. त्यांनी मागच्या गोडाऊनमध्ये नेलं. 2019 च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हा हे गोडाऊन बरेच दिवस पाण्यात होतं. टाइल पाण्यात विरघळत नाही, पण पुठ्ठ्याचे खोके विरघळून गेले. चिठ्ठ्या गेल्या, शिक्के गेले. पाणी ओसरल्यावर चिखलातून टाइल्स काढल्या, धुतल्या आणि मापाप्रमाणे रचून ठेवल्या. तेव्हापासून भिंतीला टेकून आठ बाय बाराच्या, फिकट रंगाच्या शेकडो टाइल्स उभ्या होत्या. कोणती कुठल्या कंपनीची, कुठल्या शेडची, कागदावर काहीच नाही. काका म्हणाले, “कंपनीला वाटतं माझ्याकडं आहे. माझ्या वहीत लिहिलंय नुकसानीत गेला. दोन्ही खरं आहे.”

आम्ही दोघांनी तीन तास शोधलं. आधी पाठ बघायची. कंपनीचं नाव नसेल तर बाजूला. नाव असेल तर पुढची बाजू नमुन्याला लावायची. रंग हातात धरून बघायचा नाही हे काकांनी शिकवलं. दोन टाइल्स शेजारी उभ्या करायच्या, पाच-सहा फूट मागे जायचं आणि दारातल्या उजेडात बघायचं. मग आतल्या ट्यूबखाली पुन्हा एकदा. मग दोघी पाठीला पाठ लावून सपाट जागेवर उभ्या करायच्या आणि वरच्या कडेवरून नख फिरवायचं. नख अडलं तर माप वेगळं.

अशा अकरा टाइल्स निघाल्या. शेड किंचित उबदार, लोण्याकडे झुकणारी. नख अगदी थोडं अडत होतं.

पुरातून निघालेल्या टाइलची आणखी एक परीक्षा असते. भिंतीच्या टाइलची माती सच्छिद्र असते. ती वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते. म्हणून तर सिमेंटवर बसवण्याआधी गवंडी ती पाण्यात बुडवून ठेवतो. बरेच दिवस गढूळ पाण्यात राहिलेल्या टाइलच्या पोटात काय काय शिरलं असेल हे वरून कळत नाही. आणि ओल धरून माती किंचित फुगली की वरच्या काचेसारख्या थराला केसाएवढ्या चिरा पडतात. काकांनी शाईची बाटली मागवली, प्रत्येक टाइलवर शाईचा बोळा फिरवला आणि लगेच ओल्या फडक्यानं पुसला. नऊ टाइल्स स्वच्छ झाल्या. दोघींवर कोळ्याच्या जाळ्यासारखी निळी नक्षी राहिली. त्या दोन त्यांनी बाजूला काढायला सांगितल्या. मी म्हटलं, राहू देत, कोपऱ्यात वापरू. “कोपऱ्यातच पाणी जास्त साचतं,” ते म्हणाले आणि त्या दिल्या नाहीत. नऊ टाइल्सचे त्यांनी घेतले ते पैसेही नावापुरते.

नऊ आणि आमच्या घरची एक. दहा झाल्या.

पट्टी जयसिंगपुरात मिळाली. तिथलं दुकान लहान, रस्त्याला लागून. मालक म्हणाले की माल काही नाही, पण मागच्या खोलीत जुने बोर्ड पडलेत ते बघा. नमुन्याचे ते फलक प्लायवुडचे. त्यावर न्हाणीघराची भिंत कशी दिसेल ते चिकटवून दाखवलेलं. सातवा फलक फिरवला आणि आमची भिंत समोर आली. तीच क्रीम टाइल, तीच निळी वेल. दोन फूट रुंदीत पट्टीचे तीन तुकडे, म्हणजे जेवढे मागितले होते तेवढेच. खाली-वर मिळून साध्या टाइल्स नऊ होत्या, पण त्यातल्या बऱ्याच कोपऱ्यांत फुटलेल्या, धड तीनच. मी तिथेच डोळे मिटले आणि बोटं फिरवली. पान, देठ, फूल, पुन्हा पान. माझ्या बोटांना आईएवढं कळत नाही, पण एवढं कळलं.

टाइल प्लायवरून उचकटायला गेलं तर टाइल मोडते, प्लाय नाही. मालकांच्या मुलानं उलट केलं. फलक पालथा टाकून मागून प्लायचे थर ग्राइंडरनं चिरले, सोलून काढले, आणि शेवटचा पातळ थर टाइलच्या पाठीवर राहू दिला. तो घरी आणून दोन दिवस पाण्यात ठेवल्यावर लगदा होऊन सुटला. डिंकाचे डाग राहिले, ते पाठीवर, चालण्यासारखे. या सगळ्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, “कंपनीच्या साहेबांचा फोन आला होता. आईंसाठी आहे म्हणाले.” पत्रातली ती एक ओळ कस्टमर केअरच्या मुलीकडून विक्री अधिकाऱ्यांकडे आणि तिथून जयसिंगपूरपर्यंत आली होती.

दहा आणि तीन, तेरा. चौदावी हवी होती.

गिझरच्या मागची एखादी टाइल अख्खी निघते का ते मामांनी बघितलं. जुनी टाइल सिमेंटमध्ये बसलेली असते, चिकटपट्टीसारखी सुटत नाही. शेजारचे सांधे आधी पातळ पात्यानं पूर्ण मोकळे करायचे, मग कडेनं छिन्नी जवळजवळ आडवी धरून हलक्या टोल्यांनी आत शिरायचं. दोन प्रयत्न केले, दोन्ही फुटल्या. तिसरा मीच नको म्हटलं, नाहीतर चौदाच्या सोळा झाल्या होत्या त्या सतरा झाल्या असत्या. गिझरमागच्या त्या दोन जागी आणि बेसिनच्या नळीमागच्या एका जागी दुसऱ्या कंपनीची साधी क्रीम टाइल कापून बसवली. उभं राहून कुणाला दिसत नाही.

वेगळ्या रंगाच्या नऊ टाइल्स कुठे लावायच्या यावर मामांनी एक अख्खी सकाळ घालवली. त्यांनी त्या विखुरल्या नाहीत. विखुरलेला फरक डाग वाटतो असं त्यांचं म्हणणं. फलकावरच्या तीन आणि घरची एक या चार पट्टीला लागून, दोन वर आणि दोन खाली. आणि सांगलीच्या नऊ वरच्या ओळींत आणि बेसिनकडच्या आडव्या लाइनीत, जिथे गिझरची आणि बेसिनची सावली पडते. सांधा त्यांनी नव्या भागात केसभर रुंद ठेवला, म्हणजे मापातला फरक त्यात जिरला. पाइप या वेळी प्लास्टिकचे, सीपीव्हीसीचे घातले. टाइल लावण्याआधी मी भिंतीचा मोजपट्टीसकट फोटो काढला, पाइप कुठून गेलेत ते कळावं म्हणून, आणि तो छापून गौरीच्या दागिन्यांच्या खोक्यात ठेवला. त्याच खोक्यात पट्टीचा उरलेला तिसरा तुकडा आहे.

मग मी कस्टमर केअरला तिसरं पत्र लिहिलं. काय मिळालं आणि कुठं मिळालं ते नगांसह कळवलं. सांगलीच्या गोडाऊनमध्ये बिननावाच्या टाइल्स आहेत आणि त्यांची ओळख पाठीवरून पटते, जयसिंगपूरला जुने फलक आहेत, शाहूपुरीचं दुकान यादीतून काढावं, हे सगळं. त्या मुलीचं उत्तर आलं की तिनं ते आमच्या भागाच्या नोंदीत जोडून ठेवलं आहे.

सांधे वाळल्यावर तिसऱ्या दिवशी आई आत गेली. मी दाराबाहेर उभी होते. बोटं वेलीवरून सरकल्याचा बारीक आवाज येतो, तो ऐकत होते. मधेच आवाज थांबला.

“इथं सांधा जरा रुंद आहे,” ती आतून म्हणाली.

मी म्हटलं, हो, तिथून नवीन सुरू होतं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आता मोजायला नको. रुंद सांधे संपले की नळ.” आणि पाणी सुरू झाल्याचा आवाज आला.